क्रियापद शेवटी नेलं, तरी मराठी अनुवाद अडखळतो: कारण आणि दुरुस्ती

लक्षण

इंग्रजीतून मराठीत आणलेल्या वाक्यात शब्द नेमके असतात, विभक्त्या जागच्या जागी असतात, क्रियापदही नियमाप्रमाणे शेवटी असतं. तरी वाचणारा मध्येच थांबतो, मागे जातो आणि पुन्हा वाचतो. तपासणारा पानाच्या समासात 'ओघ नाही' असं लिहून मजकूर परत पाठवतो. मग अनुवादक दोन-चार शब्दांना दुसरे प्रतिशब्द शोधतो, पण दोष शब्दांत नसल्यामुळे वाक्य तसंच अडखळत राहतं.

हा नमुना घ्या. इंग्रजी वाक्य असं आहे: 'द कमिशनर रिजेक्टेड द प्रपोजल दॅट द कॉन्ट्रॅक्टर हॅड सबमिटेड आफ्टर द इंजिनिअर्स चेंज्ड द रूट ऑफ द पाइपलाइन.' त्याचा पहिल्या हातचा अनुवाद बहुतेक वेळा असा येतो:

> आयुक्तांनी ठेकेदाराने अभियंत्यांनी जलवाहिनीचा मार्ग बदलल्यानंतर सादर केलेला प्रस्ताव फेटाळला.

व्याकरणाच्या परीक्षेत हे वाक्य नापास होणार नाही. पण सुरुवातीलाच तीन कर्ते एकामागोमाग उभे आहेत आणि कोणी काय केलं हे एकाही कर्त्याबद्दल अजून कळलेलं नाही. 'बदलल्यानंतर' येतं तेव्हा ते तिसऱ्या कर्त्याचं असतं, 'सादर केलेला' दुसऱ्याचं, आणि पहिल्याचं क्रियापद येईपर्यंत वाक्य संपतं. वाचणाऱ्याला तीन गाठी एकदम हातात धरून उलट्या क्रमाने सोडवाव्या लागतात.

असं का होतं

इंग्रजीचा क्रम कर्ता-क्रियापद-कर्म आणि मराठीचा कर्ता-कर्म-क्रियापद, हे शाळेत शिकवलेलं असतं. भारतातल्या बहुतेक भाषा मराठीसारख्याच आहेत. मेघालयातली खासी हा त्यातला ठळक अपवाद, तिचा क्रम इंग्रजीसारखा आहे. अडचण अशी की हा फरक फक्त क्रियापदाच्या जागेचा आहे असं समजून अनुवादक क्रियापद उचलतो, शेवटी ठेवतो आणि बाकीचं वाक्य इंग्रजीच्या क्रमाने सोडून देतो.

जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली ३० भाषांचा नमुना घेऊन दाखवलं की क्रियापदाची जागा बदलली की तिच्याबरोबर इतर गोष्टीही बदलतात. त्याच्या दोन निष्कर्षांशी अनुवादकाचा रोज संबंध येतो. पहिला असा, की कर्ता-कर्म-क्रियापद क्रमाच्या भाषांमध्ये नात्याचे शब्द बहुतेककरून नामाच्या मागून येतात. इंग्रजीत 'ऑन' टेबलाच्या आधी येतो, आपल्याकडे 'वर' टेबलाला मागून चिकटतो. दुसरा, यादीतला ४१वा: ज्या भाषेत क्रियापद कर्ता आणि कर्म या दोघांच्याही नंतर येतं, तिच्यात जवळजवळ नेहमीच विभक्तिव्यवस्था असते.

पहिल्या निष्कर्षाचा परिणाम असा, की पूर्ण वाक्यच नव्हे तर त्याच्या आतले तुकडेही आरशात पाहिल्यासारखे उलटतात. 'द लिड ऑफ द बॉक्स अंडर द टेबल' यात झाकण, डबा, टेबल असा क्रम आहे. मराठीत 'टेबलाखालच्या डब्याचं झाकण', म्हणजे टेबल, डबा, झाकण. विशेषण मात्र दोन्हीकडे नामाच्या आधीच येतं, 'लाल डबा' तसाच राहतो, त्यामुळे लहान वाक्यांत हे उलटणं जाणवत नाही. एका नामाला दुसरं नाम, त्याला तिसरं, त्याला एखादं उपवाक्य अशी साखळी लागली की ते एकदम अंगावर येतं.

दुसऱ्या निष्कर्षात दुरुस्तीची किल्ली आहे. इंग्रजीत कर्ता कोण आणि कर्म कोण हे जागेवरून ठरतं, म्हणून जागा हलवता येत नाही. मराठीत हे काम 'ने' आणि 'ला' करतात, त्यामुळे जागा मोकळी राहते आणि ती वेगळ्या कामाला येते: कशाबद्दल बोलणं चाललं आहे ते सुरुवातीला, आणि ज्यावर भर आहे ते क्रियापदाच्या अगदी आधी. 'रमेशने किल्ली हरवली' हे 'रमेशने काय केलं?' याचं उत्तर आहे. 'किल्ली रमेशने हरवली' हे 'किल्ली कोणी हरवली?' याचं. घटना एकच आहे, प्रश्न वेगळे आहेत. इंग्रजीचा क्रम जसाच्या तसा ठेवणारा अनुवादक ही मोकळीक वापरतच नाही.

आधी तपासणी

मसुदा हातात आला की अडखळणाऱ्या वाक्यात दोन गोष्टी मोजा. पहिलं क्रियारूप येण्याआधी किती कर्ते उभे आहेत? क्रियारूपात 'केलेला', 'बदलल्यानंतर', 'जाताना' ही कृदंतंही धरा, कारण तीही एकेका कर्त्याची गाठ सोडवतात. एक कर्ता असेल तर ठीक. दोन असतील तर वाक्य वाचलं जाईल, पण सावकाश. तीन असतील तर ते वाक्य दुरुस्तच करायला हवं. दुसरं, मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये किती शब्द आहेत? नमुन्यात 'आयुक्तांनी' आणि 'फेटाळला' यांच्यामध्ये आठ शब्द आहेत. मूळ इंग्रजीत 'कमिशनर' आणि 'रिजेक्टेड' यांच्यामध्ये एकही नव्हता. लेखकाने सोपं ठेवलेलं वाक्य अनुवादात अवघड झालं, ते इथे.

दुरुस्ती १: जड भाग पुढे, हलका कर्ता क्रियापदाशेजारी

इंग्रजीत लांबलचक भाग वाक्याच्या शेवटी ढकलला जातो. क्रियापद शेवटी असलेल्या भाषांत याच्या उलट सोय असते. जपानी बोलणाऱ्यांवर हिरोको यामाशिता आणि फ्रँकलिन चँग यांनी केलेले प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यांत लोक लांब भाग आधी आणि आखूड भाग नंतर ठेवण्याकडे झुकतात असं दिसलं. ते प्रयोग जपानीवरचे होते, पण मराठी वाक्यावर ही युक्ती लावून पाहिली की फरक डोळ्यांना दिसतो. नमुन्यातले तेच दहा शब्द, एकही न बदलता, फक्त हलवून:

> अभियंत्यांनी जलवाहिनीचा मार्ग बदलल्यानंतर ठेकेदाराने सादर केलेला प्रस्ताव आयुक्तांनी फेटाळला.

आता 'आयुक्तांनी' आणि 'फेटाळला' शेजारी आहेत. 'ठेकेदाराने' आणि 'सादर केलेला' शेजारी आहेत. 'अभियंत्यांनी'पासून 'बदलल्यानंतर'पर्यंत फक्त दोन शब्द आहेत. प्रत्येक कर्ता आला की त्याचं काम लगेच कळतं, मागचं काही धरून ठेवावं लागत नाही. शिवाय घटनाही घडल्या त्याच क्रमाने येतात: आधी मार्ग बदलला, मग प्रस्ताव आला, मग तो फेटाळला गेला.

या दुरुस्तीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे 'आयुक्तांनी' क्रियापदाच्या आधी आल्यामुळे भर त्यांच्यावर जातो. 'दुसऱ्या कोणी नाही, आयुक्तांनी' अशी किंचित छटा येते. बातमी आयुक्तांच्या निर्णयाची असेल तर हे चालेलच. परिच्छेद आधीपासून आयुक्तांबद्दलच बोलत असेल तर ती छटा खटकते.

दुसरी किंमत अर्थाची आहे. 'बदलल्यानंतर' वाक्याच्या सुरुवातीला गेल्यामुळे ते 'सादर केलेला'ला लागू की 'फेटाळला'ला, हे पक्कं राहत नाही. वाचणारा सहसा जवळच्या क्रियेला जोडतो, पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. खरं तर हा संदिग्धपणा मूळ इंग्रजीतही आहे; तिथेही 'आफ्टर'पासूनचा भाग दोन्ही क्रियापदांना जोडता येतो. तेव्हा हात लावण्याआधी मजकूर देणाऱ्याला विचारा: मार्ग बदलला तो प्रस्ताव येण्याआधी की फेटाळण्याआधी? तारखा मिळाल्या तर प्रश्न मिटतो. दुसरा अर्थ ठरला तर 'ठेकेदाराने सादर केलेला प्रस्ताव आयुक्तांनी, अभियंत्यांनी मार्ग बदलल्यानंतर, फेटाळला' असं स्वल्पविरामांनी टांगलेलं वाक्य करू नका. 'ठेकेदाराने प्रस्ताव सादर केला होता. अभियंत्यांनी मार्ग बदलल्यानंतर आयुक्तांनी तो फेटाळला' हे सरळ आहे. तीन कर्ते एकत्र उभे करणारा पहिला मसुदा अर्थाने मात्र पक्का होता, हे मान्य करायला हवं. कायदेशीर मजकुरात तशी वाक्यं दिसतात त्याचं एक कारण हेच असावं.

दुरुस्ती २: वाक्य फोडणं

पहिला अर्थ पक्का हवा असेल, किंवा परिच्छेदाचा धागा आयुक्तांकडे ठेवायचा असेल, तर दोन वाक्यं करा:

> आयुक्तांनी प्रस्ताव फेटाळला. अभियंत्यांनी जलवाहिनीचा मार्ग बदलल्यावर ठेकेदाराने तो सादर केला होता.

इथे माहितीचा क्रम इंग्रजीसारखाच राहिला, निर्णय आधी आणि पार्श्वभूमी नंतर. फोडताना दोन गोष्टी विसरल्या जातात. दुसऱ्या वाक्यात 'तो' हवा, नाहीतर काय सादर केलं ते लोंबकळतं. आणि 'केला होता' हवं, नुसतं 'केला' नको. एका वाक्यात 'सादर केलेला' हे कृदंतच आधीची वेळ दाखवत होतं. फोडल्यावर ते काम 'होता'ला करावं लागतं, नाहीतर ठेकेदाराने फेटाळल्यानंतर प्रस्ताव सादर केला असं वाचलं जाईल.

'जो… तो' हा मधला मार्ग आहे: 'मार्ग बदलल्यानंतर ठेकेदाराने जो प्रस्ताव सादर केला होता, तो आयुक्तांनी फेटाळला.' कृदंताने काम भागत नाही तिथे हा लागतोच. 'ज्या खात्यातून पैसे गेले ते खातं' याचं 'गेलेलं खातं' करता येत नाही, कारण 'तून' हा दुवाच त्यात हरवतो. फक्त 'जो' पुढे आणि 'तो' मागे, हा क्रम सांभाळा. 'आयुक्तांनी तो प्रस्ताव फेटाळला जो ठेकेदाराने सादर केला होता' असं लिहिलं की अनुवादाचा वास येतो. बोलताना आठवेल तसं मागून जोडलं जातं, पण छापील मराठीत अशी वाक्यं ओळीने आली की वाचणाऱ्याला मूळ इंग्रजी ऐकू येऊ लागतं.

क्रियापदानंतर वाक्य चालू ठेवायची मराठीची स्वतःची दोन हक्काची दारं आहेत, 'की' आणि 'कारण'. कोणी काय म्हटलं ते लांब असेल तर 'आयुक्तांनी सांगितलं की…' ठेवा. वर्तमानपत्री 'असे आयुक्तांनी सांगितले' हा शेवट आखूड विधानाला शोभतो. चार ओळींचं विधान आधी आणि बोलणारा सगळ्यात शेवटी, असं झालं की वाचणारा ते विधान वर्तमानपत्राचंच समजून वाचत राहतो. 'म्हणून' आणि 'कारण' यांचंही तसंच: कारण आखूड असेल तर ते आधी सांगून 'म्हणून' लावा, लांब असेल तर मुख्य गोष्ट आधी सांगून 'कारण' जोडा.

दुरुस्ती ३: 'कडून' आणि 'द्वारे' काढा

वरवर पाहता हा वेगळा दोष वाटतो, पण मूळ तेच आहे. 'द रोड वॉज क्लोज्ड बाय द पोलीस' याचं 'पोलिसांकडून रस्ता बंद करण्यात आला' होतं. इंग्रजी लेखकाने कर्मणी प्रयोग का केला ते पाहा. त्याला बोलायचं होतं रस्त्याबद्दल, आणि इंग्रजीत कर्म पुढे आणायचं तर सहसा क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. मराठीत नुसती जागा बदलून भागतं: 'रस्ता पोलिसांनी बंद केला.' रस्ता पुढे आला, पोलीस भराच्या जागी आले, म्हणजे इंग्रजीत 'बाय'नंतर जे वजन पडतं तेच. 'पोलिसांकडून रस्ता' या क्रमाने तर कर्मणी प्रयोगाचा हेतूच उलटतो, कारण पोलीस पुन्हा पुढे येतात.

'बाय' नसेल, म्हणजे कर्ता मुद्दाम सांगितलेलाच नसेल, तर 'रस्ता बंद करण्यात आला आहे' हे योग्य आहे. निविदा, करार, नियमावली यांत 'दंड आकारण्यात येईल' बदलू नका. कोण आकारणार हे तिथे जाणूनबुजून मोकळं ठेवलेलं असतं, आणि अनुवादकाने कर्ता घातला तर तो अर्थात भर घालतो.

जागा बदलणं कुठे धोक्याचं

विभक्ती दिसत नाही तिथे ही सगळी मोकळीक संपते. निर्जीव कर्माला सहसा 'ला' लागत नाही आणि वर्तमानकाळात कर्त्याला 'ने' लागत नाही. 'पाणी लाकूड कुजवतं' यात दोन्ही नामं उघडी आहेत, दोन्ही नपुंसकलिंगी आहेत, त्यामुळे क्रियापदाच्या रूपावरूनही कर्ता कळत नाही. इथे क्रम हाच एकमेव आधार. लाकूड पुढे आणायचंच असेल तर 'लाकूड पाण्याने कुजतं' असं वाक्यच बदला. लिंगं वेगळी असतील तर 'फांदी वारा मोडतो' यात 'मोडतो' हे रूप वाऱ्याकडे बोट दाखवतं आणि वाक्य वाचतं. 'मी' आणि 'तू' यांना भूतकाळातही 'ने' लागत नाही, पण 'पुस्तक मी वाचलं' यात गोंधळ होत नाही, कारण पुस्तक काही वाचणार नाही.

उलट्या दिशेने: मराठीतून इंग्रजीत

इथे दोष दिसत नाही, म्हणून तो निसटतो. 'किल्ली रमेशने हरवली' याचं 'रमेश लॉस्ट द की' केलं तर इंग्रजी निर्दोष आहे, फक्त भर गायब झाला. तपासायची रीत अशी: मराठी वाक्य कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधीच्या ओळीवरून ठरवा आणि इंग्रजी वाक्य त्याच प्रश्नाचं उत्तर देतं का ते पाहा. देत नसेल तर 'इट वॉज रमेश हू लॉस्ट द की' किंवा 'द की वॉज लॉस्ट बाय रमेश' यांपैकी निवडा. आरोपाचा सूर असेल तर पहिलं, बोलणं किल्लीबद्दल चालू असेल तर दुसरं. म्हणजे मराठीत आणताना जो कर्मणी प्रयोग काढून टाकला, तो परतताना पुन्हा घालावा लागतो. 'च' आणि 'तर' यांनाही हाच प्रश्न विचारा. इंग्रजीत त्यांना जोडीचा शब्द अनेकदा नसतोच, त्यांचं काम वाक्यरचनेवर सोपवावं लागतं.

ॲपमधल्या तुकड्यांचा खास आजार

पडद्यावरच्या मजकुरात अनुवादकाला जागा हलवताच येत नाही, कारण प्रोग्रामरने वाक्य आधीच इंग्रजीच्या क्रमाने फोडलेलं असतं:

```
"Deleted by " + user
```

अनुवादाला फक्त पहिला तुकडा येतो. मराठीत 'ने' किंवा 'यांनी' नावाच्या नंतर हवं, पण नावानंतर काही लिहायची सोयच नाही. यावर खरा उपाय म्हणजे पूर्ण वाक्य एकाच ओळीत मागून घेणं आणि बदलत्या जागांना क्रमांक देणं. तोवर तात्पुरतं 'हटवणारे: ' असं लेबल करून टाका. विसर्गचिन्हासारखा दिसणारा तो अपूर्णविराम विभक्तीची गरजच संपवतो.

क्रमांक मिळाले तरी एक अडचण उरते. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं. 'शाळा'चं 'शाळेला' होतं, 'शाळाला' नाही. मशीन नावाच्या जागी जे भरेल त्याचं सामान्यरूप होणार नाही. म्हणून नावामागे एक आधाराचं नाम ठेवायचं आणि प्रत्यय त्याला लावायचा:

```
en: %1$s sent %2$s to %3$s
mr: %3$s या गटाला %1$s यांनी %2$s ही फाइल पाठवली
```

'या गटाला' मुळे गटाचं नाव जसंच्या तसं राहतं. 'यांनी' मुळे माणसाच्या नावाचं लिंग कळायची गरज पडत नाही. आणि 'ही फाइल' मुळे क्रियापद कायम 'पाठवली' राहतं, नाहीतर पाठवलेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे 'पाठवला, पाठवली, पाठवलं' असं बदलत बसावं लागेल. क्रम ३, १, २ असा झाला आहे. नुसतं `%s` तीनदा लिहिलेलं असेल तर हे करता येत नाही, मजकूर चुकीच्या जागी भरला जातो. चाचणीत पाठवणाऱ्याचं नाव 'सुनीता', गटाचं नाव 'शाळा' आणि फाइलचं नाव 'हिशोब' भरून पाहा. 'शाळा या गटाला सुनीता यांनी हिशोब ही फाइल पाठवली' असं दिसलं तर ओळ बरोबर. 'हिशोब या गटाला' दिसलं तर क्रमांक चुकलेत.